चार वळणांची चाल

घरात रंगीत क्यूब आला की पहिल्या एक-दोन दिवसांतच त्याची एक बाजू लागते. पांढरे नऊ चौकोन एका ठिकाणी जमतात आणि मूल क्यूब घेऊन घरभर दाखवत सुटतं. मग ते लाल बाजू लावायला घेतं आणि पांढरी मोडते. पांढरी परत जमवावी तर लाल जाते. असं पाच-सहा वेळा झालं की क्यूब खेळण्यांच्या टोपलीत तळाशी जातो आणि मोठी माणसं म्हणतात, याला चिकाटी नाही. अडचण चिकाटीची नसते. क्यूब बाजूबाजूने लागतच नाही, तो थराथराने लागतो, आणि हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

ज्याने हा ठोकळा बनवला त्यालाही तो सुरुवातीला लावता आला नव्हता. १९७४ साली बुडापेस्टमध्ये अर्नो रुबिक हा तरुण वास्तुरचनाकार डिझाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत शिकवत होता. सुटे तुकडे एकमेकांना धरून राहतील आणि तरीही कुठल्याही बाजूने फिरतील, अशी जोडणी त्याने करून पाहिली. रंग लावून थोडं फिरवलं, आणि मग पूर्वस्थितीला यायची वाटच सापडेना. ती सापडायला त्याला महिन्याहून अधिक काळ लागला. क्यूबच्या शक्य मांडण्यांची संख्या वीस आकडी आहे, ४३ वर आणखी अठरा आकडे. नुसतं फिरवत राहून तो योगायोगाने लागेल, ही आशा मुलाने आणि पालकांनी पहिल्याच दिवशी सोडलेली बरी.

मुलाला सर्वांत आधी दाखवायचं ते हे, की क्यूबवर ५४ चौकोन दिसत असले तरी ते ५४ सुटे चौकोन नाहीत. बाहेरून दिसणारे तुकडे फक्त २६ आहेत. प्रत्येक बाजूच्या मध्यभागी एक, असे सहा मधले तुकडे. त्यांना एकच रंग असतो आणि ते आपली जागा कधीच सोडत नाहीत. दोन रंगांचे बारा तुकडे कडांवर बसतात आणि तीन रंगांचे आठ कोपऱ्यांवर. कडेचा तुकडा कितीही फिरवला तरी कोपऱ्यात जात नाही आणि कोपऱ्याचा कडेला येत नाही. मधला चौकोन पांढरा असेल तर ती बाजू पांढरीच होणार, आणि नेहमीच्या रंगसंगतीत तिच्या बरोबर विरुद्ध पिवळी असणार. हिरव्यासमोर निळी, लालसमोर नारिंगी. मुलाला क्यूब हातात देऊन ‘पांढरा-हिरवा तुकडा शोध’, ‘पांढरा, हिरवा आणि नारिंगी असे तिन्ही रंग असलेला कोपरा शोध’ असा दहा मिनिटांचा खेळ खेळला, की त्याची नजर चौकोनावरून तुकड्यावर येते. ‘एक बाजू लागली’ म्हणजे पुष्कळदा काहीच लागलेलं नसतं, हेही मग त्याला आपोआप कळतं. वरचे नऊ पांढरे जमलेले असतात, पण त्या तुकड्यांचे बाजूचे रंग भलत्याच मधल्या चौकोनांशेजारी बसलेले असतात.

दुसरा धडा लागलेल्या क्यूबवर द्यावा. बहुतेक पालक विस्कटलेल्या क्यूबपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. क्यूब पूर्ण लागलेला असताना मुलाला चार वळणांची एक चाल शिकवायची:

उजवी वर, माथा डावीकडे, उजवी खाली, माथा उजवीकडे.

‘उजवी वर’ म्हणजे उजवी उभी बाजू अशी फिरवायची, की तिचे आपल्याकडचे तीन चौकोन वर जातील. ‘माथा डावीकडे’ म्हणजे सर्वांत वरचा थर असा फिरवायचा, की त्याची आपल्यासमोरची रांग डावीकडे सरकेल. प्रत्येक वेळी पाव फेरी, कमी नाही आणि जास्त नाही. क्यूबप्रेमींची लिपी इंग्रजी अक्षरांची आहे; ती डेव्हिड सिंगमास्टर या गणितज्ञाने रूढ केली. R म्हणजे उजवी, L डावी, U माथा, D तळ, F समोरची. नुसतं अक्षर असेल तर ती बाजू समोर धरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवायची, अक्षरावर स्वल्पविरामासारखी खूण असेल तर उलट, आणि पुढे २ असेल तर अर्धी फेरी. आपली चाल त्या लिपीत अशी लिहितात:

```
R U R' U'
```

लागलेल्या क्यूबवर ही चाल एकदा केली की तो विस्कटतो. दोनदा, तीनदा केली की आणखीच वेडावाकडा दिसतो. मुलाचा चेहरा उतरतो, पण थांबायचं नाही. मोठ्याने मोजत सहाव्यांदा चाल पूर्ण केली की क्यूब जसाच्या तसा परत येतो. ही सहाची मोजणी मुलाने दोन-तीन दिवस रोज करावी, हातांना ती चाल पाठ होईपर्यंत. पुढचा जवळजवळ सगळा डोलारा या चार वळणांवरच उभा आहे, आणि ‘बिघडलेलं दिसतंय, पण मोजणी पूर्ण झाली की परत येणार’ हा विश्वास शेवटच्या टप्प्यात फार कामी येतो.

आता विस्कटलेला क्यूब घ्यायचा. पहिलं काम पांढऱ्या फुलीचं, म्हणजे पांढऱ्या मध्याभोवती चार कडांचे पांढरे तुकडे बसवण्याचं. त्यासाठी सोपी युक्ती अशी, की आधी ते चार तुकडे पिवळ्या मध्याभोवती जमवायचे. पांढऱ्या चाफ्यासारखं फूल दिसतं, फक्त पाकळ्या चार. या कामाला पाठ केलेली चाल लागत नाही. इथे मुलाने स्वतः खटपट करावी आणि मोठ्यांनी हात मांडीवर ठेवून बसावं. फूल झालं की एकेक पाकळी घ्यायची. तिचा बाजूचा रंग पाहायचा, समजा हिरवा. माथा फिरवत ती पाकळी हिरव्या मध्याच्या वर आणायची आणि ती हिरवी बाजू अर्धी फेरी फिरवायची. पाकळी खाली पांढऱ्याला जाऊन मिळते. चारही उतरल्या की फुली तयार, आणि प्रत्येक तुकड्याचा बाजूचा रंगही बरोबर. रंग न जुळवता पाकळ्या उतरवणं ही या टप्प्यावरची हमखास चूक. फुली दिसते तर छान, पण पुढचा एकही कोपरा नीट बसत नाही.

मग कोपरे. पांढरं खाली, पिवळं वर, हिरवी बाजू समोर धरली तर उजवीकडे नारिंगी येते. समोर-उजवीकडे-खाली या घरात पांढरा-हिरवा-नारिंगी कोपरा बसायला हवा. तो वरच्या थरात शोधायचा आणि माथा फिरवून बरोबर त्या घराच्या डोक्यावर आणायचा. आता आपली चाल, कोपरा घरात नीट बसेपर्यंत. कोपऱ्याचा पांढरा रंग उजवीकडे पाहत असेल तर चाल एकदाच पुरते. वर पाहत असेल तर तीनदा आणि समोर पाहत असेल तर पाचदा. एक, तीन, पाच याशिवाय चौथा आकडा नाही, कारण चालीगणिक तो कोपरा एकदा खालच्या घरात जातो आणि एकदा वर येतो. मुलाला हे आकडे आधी सांगू नयेत, त्याला करू द्यावं. तिसऱ्या-चौथ्या कोपऱ्याला ते स्वतःच म्हणतं, ‘हा तीनवाला आहे.’ हवा तो कोपरा खालच्या थरात भलत्याच घरात अडकला असेल, तर त्या घरावर चाल एकदा करून त्याला वर काढायचा आणि मग नीट बसवायचा. चार कोपरे बसले की पहिला थर पूर्ण होतो. आता खालचं पांढरंच नव्हे, तर सभोवतालची रांगही आपापल्या मध्याशी जुळलेली दिसते.

मधल्या थरात फक्त चार तुकडे राहतात, कारण मधले चौकोन मुळात जागेवरच आहेत. इथे त्याच चालीचं डावं रूप लागतं: डावी वर, माथा उजवीकडे, डावी खाली, माथा डावीकडे. उजव्या चालीचं आरशातलं प्रतिबिंब. वरच्या थरात ज्यावर पिवळा अजिबात नाही असा कडेचा तुकडा शोधायचा आणि त्याचा बाजूचा रंग आपल्या मध्यावर आणायचा. समजा समोर हिरवा जुळला आणि तुकड्याचा वरचा रंग नारिंगी आहे. म्हणजे त्याला उजवीकडे जायचं आहे. तर आधी माथा डावीकडे एक पाव फेरी, म्हणजे तुकडा आपल्या घरापासून दूर. मग उजवी चाल. मग अख्खा क्यूब हातात वळवून नारिंगी बाजू समोर घ्यायची आणि डावी चाल करायची. उजव्या चालीने खालचा कोपरा घराबाहेर येतो, आणि डाव्या चालीत तो कडेच्या तुकड्याला सोबत घेऊन घरी परततो. तुकडा डावीकडे जायचा असेल तर सगळं उलट.

‘घरापासून दूर’ हे मुलांना पटत नाही. नारिंगीकडे जायचंय तर नारिंगीपासून लांब का न्यायचं? दरवाजा उघडताना त्याच्यासमोरून बाजूला व्हावं लागतं, एवढं सांगितलं तरी पुरतं.

इथवर दोन थर झाले. सवडीने शिकणाऱ्या मुलाला आठवडाभर लागला तरी काही बिघडत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. त्यापुढे हात थकतात, वळणं अर्धवट पडतात आणि जमलेलंही मोडतं.

वरच्या थरात आधी पिवळी फुली करायची. पिवळ्या मध्याभोवती कडांचे किती पिवळे चौकोन वर दिसतात ते पाहायचं. एकही नसेल, दोन शेजारी असतील, किंवा दोन समोरासमोर रेघेत असतील. तिन्हीला औषध एकच: समोरची बाजू पाव फेरी घड्याळाच्या दिशेने, मग आपली उजवी चाल, मग समोरची बाजू उलट फिरवून परत.

```
F R U R' U' F'
```

रेघ असेल तर ती आडवी धरून एकदा. दोन शेजारी असतील तर ते मागे आणि डावीकडे येतील असा क्यूब धरून लागोपाठ दोनदा. एकही नसेल तर एकदा करून पाहायचं. दोन शेजारी येतात, मग ते मागे-डावीकडे घेऊन आणखी दोनदा.

पुढच्या दोन पायऱ्यांना आपली चाल एकटी पुरत नाही, हे मान्य करावं. दोन नवी सूत्रं पाठ करावीच लागतात. पहिलं सूत्र पिवळ्या फुलीच्या चार हातांचे बाजूचे रंग मध्यांशी जुळवण्यासाठी. माथा फिरवून निदान दोन हात जुळवून घ्यायचे. ते शेजारी असतील तर मागे आणि उजवीकडे येतील असे धरायचे आणि पुढचं सूत्र करायचं. समोरासमोर असतील तर सूत्र एकदा करून पुन्हा पाहायचं.

```
R U R' U R U2 R' U
```

दुसरं सूत्र कोपरे आपापल्या घरात नेण्यासाठी. इथे कोपरा वाकडा बसला असला तरी चालतो. त्याचे तीन रंग आणि शेजारच्या तीन मध्यांचे रंग तेच असले की तो घरी आहे. असा एक कोपरा सापडला तर तो समोर-उजवीकडे-वर धरायचा. बाकीचे तीन सूत्राने फिरतात. एकदा नाही तर दोनदा केल्यावर घरी येतात. एकही घरी नसेल तर सूत्र एकदा करून पुन्हा शोधायचं.

```
U R U' L' U R' U' L
```

राहिले फक्त वाकडे बसलेले कोपरे सरळ करणं, आणि सर्वांत जास्त रडारड याच पायरीवर होते.

इथली चाल नवी नाही. आपल्याच चालीचं पाण्यातलं प्रतिबिंब आहे, वरचं खाली झालेलं: उजवी खाली, तळ डावीकडे, उजवी वर, तळ उजवीकडे.

```
R' D' R D
```

समजा तिसरीतली एक मुलगी आजोबांसमोर बसली आहे. पिवळं वर आहे आणि दोन कोपरे वाकडे आहेत. त्यांतला एक तिने समोर-उजवीकडे घेतला. त्याचा पिवळा उजवीकडे पाहतो आहे. ती चाल दोनदा करते आणि पिवळा वर येतो. पण खाली पाहते तर इतक्या कष्टाने जमवलेले दोन्ही थर विस्कटलेले. ‘आजोबा, सगळं मोडलं!’ आजोबा म्हणतात, ‘मोडलं नाही गं, अजून मोजून संपलं नाही. आत्तापर्यंत किती झाल्या?’ दोन. आता क्यूब हातात वळवायचा नाही, समोरची बाजू समोरच ठेवायची. फक्त माथा फिरवून दुसरा वाकडा कोपरा त्याच जागी, समोर-उजवीकडे आणायचा. त्याचा पिवळा समोर पाहतो आहे, म्हणजे चाल चारदा. तीन, चार, पाच, आणि सहाव्या चालीचं शेवटचं वळण पडताच खालचे दोन्ही थर एकदम जुळून येतात. माथा फिरवून जागेवर आणला की क्यूब लागला.

ही लागलेल्या क्यूबवरची सहाची मोजणीच आहे. पहिल्या कोपऱ्याला दोन, दुसऱ्याला चार, मिळून सहा. तीन कोपरे वाकडे असतील तर सहा किंवा बारा, चार असतील तर बारा. बेरीज नेहमी सहाच्या पटीत येते, म्हणून खालचं सगळं शेवटी परत येतं. चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली अशी, की चालीच्या तिसऱ्या वळणालाच कोपऱ्याचा पिवळा वर आलेला दिसतो, मूल खूश होऊन तिथेच थांबतं आणि तळाचं चौथं वळण राहून जातं. दुसरी अशी, की पुढचा कोपरा आणताना माथ्याऐवजी सगळा क्यूब फिरवला जातो. दोन्हीत मोजणी तुटते आणि मग खरोखरच पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून या पायरीवर मोठ्यांनी एकच काम करावं: प्रत्येक चालीचा आकडा मोठ्याने म्हणावा.

कधी कधी मात्र मुलाची काहीच चूक नसते. सैल क्यूबमध्ये जोर लावला की एखादा कोपरा जागच्या जागी वळतो. कुणी तुकडे काढून अंदाजाने परत बसवलेले असतात, तर कुणी चौकोनांचे कागद सोलून इकडचे तिकडे चिकटवलेले असतात. तुकडे सुटे करून डोळे मिटून जोडले तर बारांपैकी एकदाच तो क्यूब फिरवून लागण्यासारखा निघेल. खुणा स्पष्ट आहेत. पिवळ्या फुलीच्या वेळी एक किंवा तीन पिवळे हात दिसले, तर कडेचा एखादा तुकडा उलटा बसवलेला आहे. कडा जुळल्यानंतर नेमके दोनच कोपरे घरी दिसले, तर दोन तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. आणि अगदी शेवटी फक्त एकच कोपरा वाकडा राहिला, तर तो कोणत्याही सूत्राने सुटणार नाही. तेवढा एक कोपरा बोटांनी पिळून सरळ करावा लागतो. मुलाला शिकवण्यापूर्वी मोठ्यांनी तो क्यूब एकदा स्वतः लावून पाहावा, तो याचसाठी. दहा पायऱ्या चढून गेल्यावर दार बंद सापडलं, तर ते मूल परत चढत नाही.

या पद्धतीने क्यूब लावायला शंभरावर वळणं सहज लागतात. २०१० मध्ये गणितज्ञांनी आणि संगणकतज्ज्ञांनी मिळून सिद्ध केलं, की कितीही विस्कटलेला क्यूब २० किंवा त्याहून कमी वळणांत लागू शकतो. पण ती २० वळणं शोधणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि वेगाने लावणारी मंडळीही तशी ती शोधत नाहीत. त्यांच्यातली सर्वांत प्रचलित पद्धत थराथराचीच आहे. ते कोपरा आणि मधल्या थराचा तुकडा आधी वर जोडून घेतात आणि दोन्ही एकदम घरात सोडतात. १९८२ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा अमेरिकेच्या मिन्ह थायने २२.९५ सेकंदांत क्यूब लावून ती जिंकली. त्याच्या आदल्याच वर्षी पॅट्रिक बॉसर्ट नावाच्या इंग्लंडमधल्या शाळकरी मुलाचं क्यूब कसा लावायचा हे सांगणारं पुस्तक निघालं होतं. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुलांना कोणती पायरी अवघड जाते, हे त्याला मोठ्यांपेक्षा जवळून माहीत होतं.

ते शहाणपण घरातही वापरता येतं. पहिल्यांदा सगळा क्यूब लागला, की त्याच मुलाला तो धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मित्राला शिकवू द्यावा. आणि पहिल्या वेळी माथ्याचं ते शेवटचं वळण राहिलेलं असताना, कितीही मोह झाला तरी हात पुढे करू नये. ते वळण मुलालाच फिरवू द्या.